बातमीच्या वेळी स्प्रेड का फुगतो? या चुका टाळा

स्प्रेड म्हणजे खरेदीच्या आणि विक्रीच्या भावातलं अंतर. तो वाढला की ‘ऑपरेटर लुटतात’ म्हणणं, ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. दोन्ही बाजूंना भाव लावून बसणाऱ्याचे तीन खर्च असतात. पहिला ऑर्डर हाताळण्याचा: एक्स्चेंजचं शुल्क, कर, यंत्रणा. बातमी येवो न येवो, तो फारसा हलत नाही. दुसरा अंगावर पडलेल्या मालाचा. विकत घेतलेला माल पुढे जाईपर्यंत भाव पडू शकतो आणि चढउतार वाढले की ही जोखीमही वाढते. तिसरा खर्च नवशिके धरतच नाहीत: समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असण्याचा.

ग्लॉस्टन आणि मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ साली मांडलेला विचार आकड्यांत पाहा. शेअरचा भाव १००. खरी किंमत ९६ किंवा १०४, शक्यता सारखीच. येणाऱ्या दहांपैकी एकालाच ती ठाऊक आहे. विकणाऱ्याने १००.४० मागितले, तर जाणत्याकडून होणारा ३.६० चा तोटा बाकी नऊ जणांकडून मिळणाऱ्या ४०-४० पैशांत भरून निघतो. खरेदीच्या बाजूला ९९.६०, म्हणजे स्प्रेड ८० पैसे. आता मोठी बातमी येते आहे: किंमत ९० किंवा ११०, आणि दहांत तिघे जाणते. त्याच हिशेबाने स्प्रेड ६ रुपये होतो. यात लूट कुठे आली?

दुसरी चूक म्हणजे अशा क्षणी मार्केट ऑर्डर टाकणं, म्हणजे समोर असेल त्या भावात सौदा करणं. ४ मे २०२२ ला दुपारी दोन वाजता, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४.०० वरून ४.४० टक्के केला. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने बँक निफ्टीचा पुट, म्हणजे हा निर्देशांक पडला की भाव वाढणारं ऑप्शन, घ्यायचं ठरवलं. घोषणेआधी खरेदी-विक्रीचा भाव होता १८०–१८१. त्याने बटण दाबलं तेव्हा पडद्यावर २००–२३० होतं, पण त्याने पाहिला फक्त शेवटच्या सौद्याचा भाव. त्याला २३० ला माल मिळाला. थोड्या वेळात स्प्रेड दोन रुपयांवर आला आणि पुट २१२ ला मिळू लागला. बाजार पडणार हा त्याचा अंदाज बरोबर होता, तरी युनिटमागे १८ रुपये घाईपायी गेले. ‘आधी घुसू, मग बघू’ या सवयीचा मला मनापासून राग येतो.

मी बातमीच्या वेळी फक्त लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाचीच ऑर्डर, लावतो, आणि स्प्रेड नेहमीच्या दुपटीच्या आत येईपर्यंत तीही लावत नाही. आधीपासून लावून ठेवलेल्या लिमिट ऑर्डर बातमीपूर्वी काढून घ्या. नाहीतर जाणत्याला जुन्या भावात माल देणारे तुम्हीच ठरता.

पडद्यावर दिसणाऱ्या खरेदी-विक्रीच्या पाचही भावपातळ्यांवर किती माल आहे ते न बघणं, हीसुद्धा चूकच.

आणि सौद्यानंतर खरेदी-विक्रीच्या भावांचा मधला भाव पाहत जा. थोड्या वेळात तो पूर्वीच्या जागी परतला, तर वाढीव स्प्रेड बहुधा मालाच्या जोखमीचा होता. तो सौद्याच्या दिशेनेच सरकून तिथेच टिकला, तर समोर बहुधा जाणता होता.