कार्डाचे पैसे खात्यात उशिरा किंवा कमी आले? या चुका टाळा

स्वाइप मशीनवर ‘अप्रूव्ह्ड’ आलं, चार्ज स्लिप निघाली, की पैसे आले असं अनेक दुकानदार धरून चालतात आणि त्याच भरवशावर दुसऱ्या दिवशीचा चेक देऊन बसतात. खरं तर त्या क्षणी ग्राहकाच्या बँकेने रक्कम द्यायला फक्त होकार दिलेला असतो. दिवसाचे सगळे व्यवहार एकत्र करून मशीन ते पुढे पाठवते, त्याला बॅच क्लोज करणं म्हणतात. सेटलमेंटचं, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात पोहोचण्याचं, चक्र तिथून सुरू होतं.

बरीच मशीन रात्री आपोआप बॅच बंद करतात. काहींवर मात्र मेनूत जाऊन ‘सेटलमेंट’ दाबावं लागतं. ते राहिलं किंवा रात्री नेटवर्क नसलं, तर व्यवहार मशीनमध्येच पडून राहतात. म्हणून मशीनमधून बॅच रिपोर्टची स्लिप निघाल्याशिवाय शटर ओढू नका.

करारात ‘टी प्लस वन’, म्हणजे व्यवहारानंतर एका दिवसाने पैसे, असं लिहिलेलं असलं तरी तो एक दिवस म्हणजे चोवीस तास नव्हेत. अनेक करारांत बँकेच्या कामकाजाचे दिवस मोजतात, त्यामुळे शनिवारची विक्री सोमवारी जमा होते.

सर्वाधिक गोंधळ मात्र रकमेवरून होतो. समजा, कापड दुकानात शनिवारी क्रेडिट कार्डावर 40,000 रुपयांची विक्री झाली आणि प्रत्येक बिल 2,000 रुपयांच्या वरचं होतं. करारातला एमडीआर, म्हणजे कार्ड स्वीकारण्याचं शुल्क, 1.8 टक्के असेल तर 720 रुपये कापले जातील, वर त्यावरचा 18 टक्के जीएसटी 129.60. त्यातच गुरुवारी घेतलेली 2,500 रुपयांची साडी शनिवारी परत आली आणि मशीनवरून रिफंड दिला. तो याच रकमेतून वजा होतो. सोमवारी खात्यात येतात 36,650.40 रुपये.

आता हाच आकडा विक्री म्हणून वहीत लिहिला की हिशेब बिघडतो. विक्री 40,000 चीच नोंदवायची, शुल्क खर्चात, रिफंड विक्री परतीत. शुल्कावरच्या जीएसटीचं क्रेडिट पात्र व्यापाऱ्याला मिळू शकतं. नुसती निव्वळ रक्कम लिहिणारा ते स्वतःहून सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

चुकून जास्त रक्कम स्वाइप झाली तर बॅच बंद होण्याआधीच व्हॉइड करा. मग तो व्यवहार सेटलमेंटला जातच नाही. बॅच बंद झाल्यावर रिफंडच द्यावा लागतो, आणि मूळ व्यवहाराचं शुल्क परत मिळेलच असं नाही.

पैसे आलेच नाहीत, तर आधी सेटलमेंट रिपोर्ट उघडून त्यात UTR क्रमांक, म्हणजे बँकेतून रक्कम पाठवल्याचा संदर्भ क्रमांक, आहे का ते पाहा. तो नसेल तर रक्कम बहुधा अजून तुमच्याकडे पाठवलेलीच नाही. मशीन देणाऱ्या बँकेला किंवा कंपनीला बॅच क्रमांक सांगून विचारा. UTR असेल आणि खात्यात जमा दिसत नसेल, तर तोच क्रमांक घेऊन तुमचं खातं असलेल्या बँकेत जा.