बाजारातल्या गल्लीत गाडी घालताना या चुका टाळा

मंडई, बोहरी आळी, रविवार पेठ या भागात गाडीचं नाक फारसं कुणी घासत नाही. घासतं ते मागचं दार आणि चाकावरचा पत्रा. पुढचा बंपर सुटला म्हणजे गाडी सुटली, असं लोक धरून चालतात. पण वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून येतात. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर लहान गाडीचंही आतलं मागचं चाक अडीच-तीन फूट आत येतं.

माझ्या भाच्याला लायसन्स मिळून महिना झाला होता. रविवार पेठेत डावीकडे वळायचं होतं. कोपऱ्यावर केळ्यांची हातगाडी, उजवीकडे दुचाकींची रांग. बंपर हातगाडीपुढे गेला तसं त्याने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे ओढलं. "मामा, निघाली!" म्हणेपर्यंत हातगाडीच्या आसाचं बाहेर आलेलं टोक मागच्या दारात घुसलं. ते इतकं खाली असतं की सीटवरून दिसतच नाही. मागून हॉर्न सुरू झाले, घाबरून त्याने गाडी आणखी पुढे दामटली आणि ओरखडा चाकापर्यंत गेला. हातगाडीही फिरली, केळी रस्त्यावर. त्या काकांच्या मालाचे पैसे आम्ही दिले, पण पुढे उभं एखादं मूल असतं तर?

घासल्याचा आवाज आला की तिथेच थांबा. स्टिअरिंग आहे तसंच धरा, एकाला मागे उभं करा आणि आलात त्याच वाटेने हातभर मागे या. मग चाकं सरळ करून पुढे जा. मी आपला खांदा हातगाडीच्या कडेला येईपर्यंत वळवतच नाही. त्यासाठी उजवीकडे जागा नसेल तर काच खाली करून, "काका, जरा हातभर सरकवता का?" असं विचारतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. गर्दी दिसताच डावा आरसा मिटणाऱ्यांचं मला कळत नाही. मागचं चाक दाखवणारा तोच एक. मी तो थोडा खाली झुकवतो.

भरलेल्या हातगाडीमागे हॉर्न वाजवू नका. तिला ब्रेक नसतो, ओढणारा अंगाच्या जोरावर ती थांबवतो. दचकून तो बाजूला झाला तर हातगाडी त्याच्याच अंगावर येते. उतारावर तर मी पूर्ण एका गाडीचं अंतर ठेवतो.

अर्ध्या क्लचवर गाडी ताटकळत ठेवू नका, प्लेट जळते. थांबायचं तर क्लच पूर्ण दाबा, पाय ब्रेकवर.

उभ्या टेम्पोच्या खालून पाय दिसतात का बघा. पलीकडून माणूस येतोय ते आधी तिथेच कळतं.

उतरताना दार डाव्या हाताने उघडा. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी दुचाकी दिसते.