शून्य कुठे धरायचं? रेफरन्स नोड आणि माझी गेलेली एक संध्याकाळ

नोडल अॅनालिसिस म्हणजे सर्किटमधल्या प्रत्येक नोडचं, जिथे तारा जुळतात त्या बिंदूचं, व्होल्टेज काढायची रीत. ती शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आणि माझ्या मित्राने एकच सर्किट सोडवलं आणि दोघांची उत्तरं वेगळी आली. माझ्या मते मधल्या नोडवर ६ व्होल्ट, त्याच्या मते शून्य. "तुझा B शून्य कसा? मग त्यातून करंट जातोच कसा?" असं म्हणून मी त्याची वही खोडायला घेतली होती. चूक कुणाचीच नव्हती.

सर्किट साधं होतं. A, B, C असे तीन नोड. १२ व्होल्टचा सोर्स A आणि C मध्ये, धन टोक A कडे. A ते B मध्ये २ किलोओहमचा रेझिस्टर, आणि B ते C मध्ये दोन समांतर रेझिस्टर, एक ६ किलोओहमचा आणि एक ३ किलोओहमचा. मी C ला रेफरन्स, म्हणजे शून्य व्होल्टचा नोड, धरला होता, त्यामुळे A वर १२, B वर ६ आणि C वर शून्य. मित्राने B लाच रेफरन्स धरलं, म्हणून त्याच्याकडे A वर ६, B वर शून्य आणि C वर उणे ६.

आता करंट काढून बघा. २ किलोओहममधून माझ्या आकड्यांनी (१२ − ६)/२, म्हणजे ३ मिलिअँपिअर. त्याच्या आकड्यांनी (६ − ०)/२, तेही ३. खालच्या दोन शाखांमध्ये दोघांचेही १ आणि २ मिलिअँपिअर. रेझिस्टरला नोडचा आकडा कळतच नाही. त्याला कळतो तो दोन टोकांतला फरक. सगळ्या नोडांतून एकच संख्या वजा केली, तर तो फरक जागचा हलत नाही.

यातूनच एक पडताळा मिळतो, तो मी अजून वापरतो. दोन उत्तरं शेजारी लिहायची आणि नोडागणिक वजाबाकी करायची. आमची वजाबाकी तिन्ही ठिकाणी ६ आली. एखाद्या नोडवर वेगळी आली, तर कुणाची तरी चूक नक्की आहे.

मग हौसेने मी A ला रेफरन्स धरून पाहिलं, आणि तिथे खरी संध्याकाळ गेली. B साठी लिहिलेलं समीकरण असं:

```
V_B/2 + V_B/6 + V_B/3 = 0
```

उत्तर V_B = 0, सगळे करंट शून्य. सोर्स जोडलेला असताना सर्किट मेलेलं! घोळ हा की शून्य मी A वर नेलं, पण खालच्या दोन शाखा लिहिताना C अजून शून्यच आहे असं हाताने गृहीत धरलं. `V_B/6` लिहायची सवय लागली की वजा होणारं दुसरं टोक दिसेनासं होतं. A शून्य असेल तर C उणे १२ आहे:

```
(V_B - 0)/2 + (V_B + 12)/6 + (V_B + 12)/3 = 0
```

आता V_B उणे ६ येतो आणि करंट पुन्हा ३, १, २. तेव्हापासून मी शून्यसुद्धा कंसात लिहितो. थोडं बावळट दिसतं, पण चालतं.

करंट तेच येणार असतील तर निवड कशाला करायची? कष्ट वाचवायला, बाकी काही नाही. सोर्सचं एक टोक रेफरन्स धरलं की दुसऱ्या टोकाचं व्होल्टेज आयतं मिळतं आणि आमच्या सर्किटमध्ये एकच अज्ञात उरतं. मित्राने B धरल्यामुळे सोर्सची दोन्ही टोकं अधांतरी राहिली. A आणि C चा सुपरनोड करा, म्हणजे दोघांना एकच नोड समजून करंटचं एकच समीकरण लिहा, V_A − V_C = 12 हे वेगळं लिहा, असा सगळा व्याप त्याला करावा लागला. अशी सोय नसेल तर जास्तीत जास्त शाखा जिथे मिळतात तो नोड घ्या.

हे सगळं कागदावर. लॅबमध्ये मी हाच तर्क ऑसिलोस्कोपच्या प्रोबला लावला आणि तोंडघशी पडलो. "रेफरन्स कुठेही चालतो" म्हणून प्रोबची ग्राउंड क्लिप B ला लावली. २ किलोओहममधला करंट ३ वरून ६ मिलिअँपिअर झाला आणि खालचे दोन रेझिस्टर कोरडे पडले. पॉवर सप्लायचं ऋण टोक पट्टीने अर्थला जोडलेलं होतं, आणि मेन्सवर चालणाऱ्या स्कोपची क्लिपही आतून अर्थलाच जोडलेली असते. म्हणजे मी B ला शून्य म्हटलं नव्हतं, B आणि C मध्ये चक्क तार टाकली होती. सिम्युलेटरमध्ये जुनं ग्राउंडचं चिन्ह न काढता B वर दुसरं ठेवलंत, तरी हेच ६ मिलिअँपिअर दिसतील.

मल्टीमीटरची काळी पिन मात्र बिनधास्त B ला लावा. बॅटरीवरच्या मीटरचा अर्थशी संबंध नसतो, आणि व्होल्टेजच्या रेंजवर त्याचा रोध साधारण १० मेगओहम असतो, त्यामुळे सर्किटला ती लागल्याचं जाणवतही नाही. लाल पिन C ला लावली की मित्राच्या वहीतला उणे ६ पडद्यावर दिसतो.