राज्य स्पर्धेला निघण्याआधी: डबा, गोळी आणि सलाईन

स्पर्धा आठ आठवड्यांवर आली की आमच्या मैदानावर स्पाइक्स, जन्मदाखला, आधार कार्ड यांची यादी निघते. यंदा अकरावी-बारावीच्या मुलामुलींना त्याआधी ही यादी वाचून दाखवणार आहे. खेलो इंडियासारख्या स्पर्धांत शाळकरी खेळाडूंचेही लघवीचे नमुने बंदी असलेल्या पदार्थांच्या तपासणीसाठी घेतले जातात आणि त्यात मुलं दोषीही आढळली आहेत.

पहिलं काम म्हणजे, ताकदीसाठी म्हणून जे काही पोटात जातं ते सगळं येत्या रविवारी मैदानावर आणा. पावडरचा डबा, जिममधली सुटी पुडी, घरातलं चूर्ण, गुडघ्याची गोळी, सगळं. लपवू नका, मी रागावणार नाही.

दोन वर्षांपूर्वी 400 मीटर धावणाऱ्या एका मुलाने असाच डबा आणला होता. मी मुलांना रोज सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायला लावतो. त्याच्या वहीत 58, 60, 58 असे आकडे होते आणि मग एका आठवड्यात ते 74, 76 वर गेले. ताप नव्हता, सराव वाढवला नव्हता. झोप लागत नाही, हात थरथरतात, असं तो म्हणाला. डब्यावर ‘प्री-वर्कआउट’ लिहिलेलं, एका चमच्यात 300 मिलीग्रॅम कॅफीन, आणि खाली बारीक अक्षरात ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’, त्यात जिरेनियमचा अर्क. विकणाऱ्या जिमवाल्याने त्याला सांगितलं होतं, ‘काही नही व्हत रे भो, झाडपाल्याचंच शे.’

हे लेबल कसं वाचायचं ते नीट बघा. कॅफीनवर बंदी नाही, 2004 पासून ते बंदीच्या यादीबाहेर आहे. पण किशोरवयात दिवसाला किलोमागे 3 मिलीग्रॅमच्या आत राहावं असं मानतात. म्हणजे 55 किलोच्या या मुलासाठी जेमतेम 165, आणि तो एका चमच्यात जवळजवळ दुप्पट घेत होता. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’चा अर्थ एवढाच की मिश्रणाचं एकूण वजन सांगितलंय, कोणता घटक किती ते सांगितलेलं नाही. आणि जिरेनियमच्या नावाखाली अनेकदा मिथाइलहेक्सानअमाइन विकलं गेलं आहे. हे उत्तेजक आहे आणि स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे. डब्यावर अन्न परवान्याचा नंबर असला तरी त्यातून परवाना आहे एवढंच कळतं, बंदी असलेल्या पदार्थांची तपासणी झाली असा अर्थ होत नाही. बॅचनिहाय तपासलेली उत्पादनं मिळतात, त्यांनी धोका कमी होतो, संपत नाही. त्या मुलाचा डबा बंद केला, दहा-बारा दिवसांत नाडी पुन्हा साठच्या आसपास आली.

‘सरांनी दिलं’, ‘दुकानदार म्हणाला’ हे कारण चालत नाही, कारण शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, हा या नियमांचा पाया आहे. 2010 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या आपल्या महिला रिले संघातल्या धावपटू 2011 मध्ये अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडसाठी दोषी आढळल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून ते आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडच्या समितीने ते ऐकून एक वर्षाची बंदी दिली. पण 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. अठराच्या आतल्या खेळाडूची चूक ठरवताना वयाचा विचार होतो, तरी त्या स्पर्धेतला निकाल मात्र जातोच.

अशी स्टेरॉइड पटकन वजन वाढवून देण्याच्या नावाखाली विकलेल्या पावडरमध्येही सापडली आहेत. तुमच्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर अजून उघडा असतो. स्टेरॉइडमुळे तो वेळेआधी बंद होतो आणि उंची तिथेच थांबते. मुलांची छाती सुजते, मुलींचा आवाज घोगरा होतो आणि औषध थांबवलं तरी तो पूर्वीसारखा होत नाही.

नियम कशाला, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. मी त्यांना मे महिन्यातलं भुसावळ आठवायला सांगतो. पारा 45 च्या आसपास, सकाळी आठलाच ट्रॅकवरून झळा येतात. अशा वेळी थकवा हा शरीराने दिलेला इशारा असतो. उत्तेजक तो इशारा दाबतं, कातडीकडे जाणारं रक्त कमी करतं, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि धावणारा धावतच राहतो. 13 जुलै 1967 रोजी फ्रान्समधल्या सायकल शर्यतीत माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्पसन हा 29 वर्षांचा ब्रिटिश खेळाडू असाच कडक उन्हात कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन आणि मद्य सापडलं. पुढच्याच वर्षीच्या ऑलिम्पिकपासून तिथे तपासणी सुरू झाली. आजही एखादा पदार्थ यादीत घेताना तीन गोष्टी बघतात: कामगिरी वाढते का, तब्येतीला धोका आहे का, आणि खेळाच्या भावनेला बाधा येते का. यातल्या दोन लागू झाल्या की त्याचा समावेश होऊ शकतो.

आता घरातली औषधं. सर्दीच्या गोळीत स्यूडोइफेड्रिन असू शकतं. स्पर्धेच्या काळात त्याचं लघवीतलं प्रमाण ठरावीक मर्यादेवर गेलं की ते उल्लंघन ठरतं. कंबर-गुडघेदुखीवर आजोबा घेतात ती विषतिंदुक वटी कुचल्यापासून बनते. कुचल्यात स्ट्रिक्नीन असतं आणि ते बंदीच्या यादीत आहे, म्हणून आयुर्वेदिक आहे एवढ्यावर थांबू नका. गोळी घेण्याआधी फोनवर ‘नाडा’ या आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेचं Know Your Medicine उघडून नाव टाका, पण लक्षात ठेवा, ते औषधांसाठी आहे, पावडरच्या डब्याची खात्री तिथे होत नाही. दमा किंवा तत्सम आजारासाठी यादीतलं औषध लागतच असेल, तर डॉक्टरांच्या कागदांसह उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आत्ताच करा.

आणि सलाईन. आपल्याकडे ऊन लागलं, गळून गेलं की गल्लीतल्या दवाखान्यात एक बाटली लावायची पद्धतच आहे. बारा तासांत 100 मिलीलीटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं नियमाने बंद आहे, मग त्यात साधं मिठाचं पाणी का असेना. ती बाटली 500 मिलीलीटरची असते. रुग्णालयातल्या खऱ्या उपचारासाठी आणि शस्त्रक्रियेसाठी सूट आहे, थकव्यासाठी नाही. पाणी, ओआरएस, ताक तोंडाने प्या. खरंच उष्माघात असेल तर मात्र नियम आठवत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि सगळे कागद जपून ठेवा.

डबा बंद केला तर प्रथिनं कुठून, हा आयांचा प्रश्न. 55 किलोच्या धावपटूला दिवसाला 80 ग्रॅमच्या आसपास पुरतात. अर्धा लीटर दूध 16, मूठ-दीड मूठ शेंगदाणे 12, दोन अंडी 12, दोन वाट्या घट्ट डाळ 14, तीन कळण्याच्या भाकरी साधारण 15, भाजलेले हरभरे 8. इथेच 77 झाले. अंडी नको असतील तर तेवढ्याच प्रथिनांसाठी मूठभर सोयाबीनच्या वड्या भाजीत टाका.

शेवटचं, नमुना घेणाऱ्यांनी बोलावलं तर एकटे जाऊ नका. अठराच्या आत असाल तर सोबत मोठं माणूस नेता येतं, मी येईन. बाटल्यांचा संच स्वतः निवडा, सीलवरचे नंबर फॉर्मशी ताडून पाहा. निदान 90 मिलीलीटर लागतं, पण घाईने ढसाढसा पाणी प्यालात तर लघवी फार पातळ होते आणि पुन्हा द्यायला बसावं लागतं. गेल्या सात दिवसांत घेतलेलं प्रत्येक औषध आणि पावडर फॉर्मवर लिहायची असते, म्हणून रविवारी आणलेल्या प्रत्येक डब्याचा, नाव आणि बॅच नंबर दिसेल असा फोटो माझ्याकडे राहील, आणि एक छापील प्रत तुमच्या बॅगेत आधार कार्डाच्या मागे.