एपिसोडचं वर्णन होस्टच्या आवाजात कसं लिहावं

ऐरोलीतली माझी एक मैत्रीण पॉडकास्ट करते. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवरच्या एपिसोडसाठी तिने हे वर्णन लिहिलं होतं: “या भागात आपण फ्लेमिंगोंचे स्थलांतर, त्यांचा अधिवास व संवर्धनापुढील आव्हाने यांवर सविस्तर चर्चा करणार आहोत.” माहिती बरोबर आहे, पण ती असं कधीच बोलत नाही. आम्ही ते असं बदललं.

आधी लिहिलेलं बाजूला ठेवा आणि रेकॉर्डिंग ऐका. होस्ट जिथे चकित होतो, अडखळतो किंवा पाहुण्याला मध्येच थांबवतो, ती जागा शोधून त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. आमच्या एपिसोडमध्ये सहाव्या मिनिटाला ती म्हणाली होती, “थांबा, म्हणजे पिल्लं गुलाबी नसतातच?” वर्णनाचं बीज तिथेच सापडलं.

आता पहिली दोन वाक्यं त्यावर बेतून लिहा. बहुतेक अ‍ॅपमध्ये यादीत तेवढंच दिसतं, बाकीचं उघडावं लागतं. आमचं असं झालं: “मला वाटायचं फ्लेमिंगो जन्मतःच गुलाबी असतात. पिल्लं राखाडी असतात आणि शेवाळ, बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन रंग चढतो, हे कळल्यावर ठाणे खाडीकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले.” ‘फ्लेमिंगो’ आणि ‘ठाणे खाडी’ हे शब्द मुद्दाम ठेवलेत. लोक तेच टाकून शोधतात, ते गेले तर एपिसोड सापडणार नाही.

बोलणं जसंच्या तसं छापायचं नाही, हेही सांभाळा. ‘म्हणजे’, ‘ना’, ‘अॅक्च्युअली’ कानाला चालतात, वाचताना टोचतात. एखादाच ठेवा.

शो नोट्समध्ये कॅटलॉगसारखी कोरडी भाषा सर्वात जास्त शिरते. “संदर्भ: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य” या ओळीने ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. आम्ही लिहिलं: “पक्षी जवळून बघायचे असतील तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करून जा.” पाहुण्याचं नाव आणि काम मात्र सरळ, साधं लिहा. तिथे गंमत करू नका.

मग होस्टला सगळं मोठ्याने वाचायला लावा. मैत्रीण ‘अधिवास’वर अडखळली आणि सहज म्हणाली, “राहायची जागा.” तेच ठेवलं.

वेळेचे टप्पेही तिच्या बोलण्यातले हवेत. “06:10 पिल्लांचा रंग” ऐवजी:

```
06:10 पिल्लं गुलाबी नसतातच?
```

हे आकडे अगदी शेवटी, अंतिम फाइलवरून टाका. आम्ही आधी टाकले, नंतर सुरुवातीला 40 सेकंदांची धून जोडली आणि प्रत्येक टप्पा तेवढाच मागे पडला. तो प्रश्न खरं तर 06:50 ला येतो.