पुरवठादार बदलला आणि कोड कोसळला

नाशिकमध्ये आमचा कुर्त्यांचा धंदा. साठा मोजायला प्रत्येक मालाला आम्ही एक कोड देतो. त्या कोडात सुरतच्या पुरवठादाराचं आणि अंबडच्या गोदामाचं नाव होतं. पुरवठादार बदलला, तोच निळा कुर्ता वेगळ्या कोडाने आला. सातपूरच्या गोदामात त्या वेगळ्या कोडाखाली ४० नग पडून असताना ऑर्डर रद्द झाली, फार वाईट वाटलं.

```
जुना: SRT-KRT-BLU-AMB-M
नवा:  KRT-014-NVY-M
```

आता कोडात फक्त गिऱ्हाईकाला फरक पडतो तेवढंच: प्रकार, डिझाइन क्रमांक, रंग, माप. पुरवठादार आणि गोदाम शीटमध्ये वेगळ्या रकान्यांत. रंगांची यादी एकच. `BLU` मध्ये गडद आणि आकाशी दोन्ही मिसळले होते, म्हणून `NVY` आणि `SKY` केले. बंद केलेला कोड मी पुन्हा कधीच वापरत नाही, नाहीतर जुन्या परताव्यांचा हिशेब चुकतो. कापडाचा पोत बदलला तर मात्र डिझाइन क्रमांकही नवा.