अडलेली म्हैस : कळा थांबल्यावर या चुका टाळा

काटोल तालुक्यातील आमच्या कोठ्यात गेल्या पौषात तिसऱ्या वेताची म्हैस अडली, आणि त्या रात्री आमच्या हातून पहिली चूक झाली ती थांबण्याची. सायंकाळी सहापासून ती ऊठबस करीत होती, मागच्या पायाने पोटावर लाथा मारीत होती, कळाही येत होत्या. परंतु नऊच्या सुमारास कळा मंदावल्या आणि ती वैरण हुंगू लागली. "आता शांत झाली, पहाटेपर्यंत विईल," असे माय म्हणाली आणि आम्हा सर्वांना ते पटले. वास्तविक कळा सुरू होऊन दोन-तीन तास उलटले, तरी पाणमोट दिसली नाही आणि जनावर मध्येच शांत झाले, तर म्हशीत सर्वप्रथम गर्भाशयाला पीळ पडल्याची शंका घ्यावी. म्हैस अडण्याचे ते मोठे कारण आहे. पीळ पडला की वाट आवळली जाते, म्हणून पाणमोट बाहेर येत नाही.

दुसरी चूक होता होता टळली. शेजारचे काका कळांचे इंजेक्शन घेऊन आले, तेव्हा "डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नको," असे वहिनींनी ठामपणे सांगितले. वाट बंद असताना कळा वाढवल्या तर गर्भाशय फाटू शकते. हात घालून ओढण्यातही तोच धोका असतो.

रात्री बारा वाजता फोन केला, दोन वाजता डॉक्टर आले. त्यांनी हात घालून पाहिले, तेव्हा आतली वाट पिळलेल्या धोतरासारखी उजवीकडे वळलेली लागली. मग म्हशीला उजव्या कुशीवर पाडून पुढचे दोन आणि मागचे दोन पाय वेगवेगळे बांधले. सुमारे दहा फुटांची फळी वर आलेल्या डाव्या कुशीवर टेकवली, तिच्या जमिनीकडच्या टोकावर भाऊ उभा राहिला, आणि आम्ही पाय वर घेत तिला पाठीवरून दुसऱ्या कुशीवर पलटवले. फळीने गर्भ जागेवर दाबून धरला जातो आणि शरीर पिळाच्या दिशेने फिरते, त्यामुळे पीळ सुटतो. दिशा न तपासता पलटवले तर तो अधिकच घट्ट होतो, म्हणून हे घरच्या घरी करू नये. प्रत्येक पलटीनंतर डॉक्टर पुन्हा हात घालून पाहत होते. तिसऱ्या पलटीला पीळ सुटला आणि पाण्याची धार आली.

येथे आम्ही पुन्हा घाई करणार होतो. पीळ सुटला तरी गर्भाशयाचे तोंड लगेच पूर्ण उघडत नाही. ते उघडण्यासाठी डॉक्टरांनी औषध दिले आणि कोणालाही ओढू दिले नाही. तोंड उघडलेच नाही, तर पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागते, आणि जितका उशीर होतो तितकी ती पाळी येण्याची शक्यता वाढते. म्हणून नऊ ते बारा हे तीन तास मला आजही सलतात. साडेपाचला पुढचे दोन खुर आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले, तेव्हा कुठे कळेबरोबर हलका ताण दिला. जिवंत वगार जन्मली. दुपारी दोनपर्यंत वार आपोआप पडली; तिला कोणी हात लावला नव्हता.